भिंतीवरची खूण आणि तीन मिनिटांचे प्रश्न

आमच्या घराच्या सोप्यातल्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीच्या वर चार बोटं, बाबांनी खिळ्यानं ओढलेली एक रेघ आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. गाव चिकोडी तालुक्यात, कल्लोळच्या जवळ, दूधगंगा कृष्णेला मिळते त्या पट्ट्यात. तेव्हा मी शाळेत होते. आम्ही शाळेच्याच दोन खोल्यांत आठ दिवस काढले. त्यामुळे बेळगावात कॉलेजच्या वादविवाद मंडळात सरांनी सराव फेरीचा विषय फळ्यावर लिहिला, तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं. विषय होता कृष्णेवरच, आमच्या खालच्या अंगाला असलेल्या कर्नाटकाच्या धरणाचा : 'अलमट्टी धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करू नये.'

मला वाटलं, मी बोलणार. सर म्हणाले, "तू बोलायचं नाहीस. चारही वक्त्यांची उलटतपासणी तू करायचीस. प्रश्न तू काढ." वेळ होता नऊ दिवसांचा.

आमच्या फेरीची रीत अशी की प्रत्येक वक्ता चार मिनिटं बोलतो आणि लगेच तीन मिनिटं त्याला प्रश्न. स्पर्धेत समोरच्या बाजूचा वक्ता प्रश्न विचारतो. सरावात मात्र एकच जण दोन्ही बाजूंना विचारतो, म्हणजे कुणाचं काय कच्चं आहे ते सगळ्यांना सारख्या मापानं कळतं. मंडळात आम्ही एकमेकांना गावानं हाका मारतो. अनुकूल बाजूला निपाणीकर आणि खानापूरकर, प्रतिकूल बाजूला रायबागकर आणि अथणीकर.

पहिल्या रात्री मी वसतिगृहात बसून एका दमात बावीस प्रश्न लिहिले. दुसऱ्या दिवशी ते घेऊन अक्काकडे गेले. अक्का आमच्या मंडळाची जुनी वक्ती, आता लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला : 'कोयनेतून वेळेवर पाणी सोडलं नाही, राजापूर बंधाऱ्यावरून एकदम विसर्ग आला आणि अलमट्टीतही पाणी अडवून ठेवलं, यामुळेच आमची गावं बुडाली असं तुला वाटत नाही का?'

"ह्यात किती प्रश्न आहेत गे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, एक.

"चार आहेत. आणि शेवटी 'वाटत नाही का'. त्याला काय वाटतं ते विचारून काय मिळणार? तो चारातला सोपा एक उचलणार आणि त्यावर मिनिटभर बोलत बसणार. तुझ्या तीन मिनिटांतलं एक मिनिट गेलं की."

मग तिनं लाल पेनानं 'का', 'कसं' आणि 'तुझं मत काय' असं जिथं जिथं होतं तिथं तिथं काट मारली. बावीसमधले उरले पाच. मला राग आला होता, खरं सांगते. त्या काट मारलेल्या प्रश्नांत माझं घर होतं.

तिनं समजावलं ते असं. कोर्टात आपल्या साक्षीदाराला आपण सूचक प्रश्न विचारू शकत नाही, म्हणजे उत्तर प्रश्नातच पेरलेलं चालत नाही. उलटतपासणीत ते चालतं, आणि तिथं तेच करायचं असतं. 'पूर किती मोठा होता?' असं विचारायचं नाही. 'सांगलीच्या आयर्विन पुलाची धोका पातळी 45 फूट आहे, बरोबर?' असं विचारायचं. समोरच्यानं 'हो' म्हटलं की एक वीट बसली. 'नाही' म्हणाला, तर आपल्या हातात कागद हवा. कागद नसेल तर तो प्रश्न विचारायचाच नाही, उत्तर कितीही खात्रीचं वाटलं तरी.

या शेवटच्या अटीनं माझा सगळ्यात आवडता प्रश्न गेला. 'अलमट्टी बांधायच्या आधी सांगलीला पूर येत नव्हता का?' हा प्रश्न मी निपाणीकरासाठी ठेवला होता. येत होता हे आमच्याकडं कुणीही सांगेल. पण कुठल्या साली, किती फूट, कुणी मोजलं, याचा कागद माझ्याकडं नव्हता. तो उलट म्हणाला असता, 'कुठला पूर? सांग की', तर मी काय सांगणार होते? तो प्रश्न मी स्वतःच्या हातानं खोडला.

त्या दिवसापासून मी कार्डं करायला लागले. पोस्टकार्डाच्या मापाचे पुठ्ठे, एका प्रश्नाला एक. वर प्रश्न. खाली डावीकडं 'हो म्हणाला तर पुढचं कार्ड कोणतं', उजवीकडं 'नाही म्हणाला तर कोणता कागद दाखवायचा'. प्रश्न आणि उत्तर मिळून साधारण पंधरा सेकंद जातात, हे आम्ही खोलीत घड्याळ लावून बघितलं. म्हणजे तीन मिनिटांत हिशेबानं बारा प्रश्न होतात. पण समोरचा थांबतो, कागद चाळतो, प्रश्न परत विचारायला लावतो. आठच्या वर कार्डं नेली की शेवटची हातातच राहतात, आणि शेवटचीच सगळ्यात कामाची असतात. म्हणून एका वक्त्याला आठ कार्डं. माझी खोलीतली मैत्रीण बी.एस्सी.ची, तिला या विषयातलं काही माहीत नाही. तिला मी प्रत्येक प्रश्न विचारायचे. तिनं एका वाक्यात उत्तर दिलं नाही किंवा 'म्हणजे काय गे?' असं विचारलं, तर त्या प्रश्नाचे दोन करायचे.

प्रश्नांपेक्षा जास्त वेळ गेला तो कागदांवर. चारही वक्त्यांनी आपापले मुद्दे आणि पुरावे आधी द्यायचे असा सरांचा नियम होता, त्यामुळे ते माझ्या हातात होते. तरी त्यातला आकडा कुठून आला हे शोधताना डोळे दुखले.

पाया सगळ्यांचा एकच होता. 2000 साली सर्वोच्च न्यायालयानं अलमट्टीला समुद्रसपाटीपासून 519.60 मीटरपर्यंत पाणी साठवायला मान्यता दिली. पुढं कृष्णा पाणीतंटा लवादानं, म्हणजे न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या लवादानं, 2010 च्या डिसेंबरात दिलेल्या निवाड्यात 524.256 मीटरला परवानगी दिली. फरक साडेचार मीटरच्या थोडा वर, म्हणजे पंधरा फूट. निवाडा केंद्रानं राजपत्रात प्रसिद्ध करायचा, त्यावर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा अडसर आला, आणि उंची आहे तिथंच राहिली. इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते फुगवट्यावरून. धरणात पाणी वर चढलं की नदीचं पाणी मागं तुंबतं. ते किती मागं जातं, सांगलीपर्यंत पोचतं का, हा खरा प्रश्न.

निपाणीकराचा पुरावा साधा होता. 2005 ला सांगली बुडाली, 2019 ला बुडाली, दोन्ही वेळा अलमट्टीत पाणी होतं. म्हणून अलमट्टीमुळं सांगली बुडाली. त्यानं वर्तमानपत्राची दोन कात्रणं जोडली होती. माझ्या मनाला हे पटत होतं, तेच अवघड होतं. आमच्या घरीही हेच बोललं जातं. फक्त आमच्याकडं अलमट्टीच्या जोडीला कोयनेलाही शिव्या बसतात. आम्ही मधल्या पट्ट्यातले. वरून महाराष्ट्रानं सोडलेलं पाणी येतं आणि खाली कर्नाटकानं अडवलेलं असतं, असं आमचे वडीलधारे सांगतात.

अक्काला मी म्हटलं, निपाणीकराला काय विचारू, त्याचं खरंच आहे की. आमच्या भिंतीवर रेघ आहे. उलट ती रेघच मी रायबागकरापुढं ठेवते.

अक्कानं जरा वेळ काही म्हटलं नाही. मग तिनं मला जसं साक्षीदाराला विचारतात तसं विचारलं.

"रेघ कुणी ओढली?"

"बाबांनी."

"पाणी होतं तेव्हा, का उतरल्यावर?"

"उतरल्यावर. गाळाचा डाग होता, त्यावरून."

"त्या रेघेवरून पाणी किती आलं ते कळतं?"

"हो."

"कुठून आलं ते कळतं?"

मी गप्प बसले. ती पुढं काही बोलली नाही, 'म्हणून तुझा पुरावा कच्चा' असंही म्हणाली नाही. चहा घेऊ या म्हणाली. उलटतपासणी कुठं थांबवायची असते हे मला त्या वेळी कळायला हवं होतं. कळलं ते फेरीच्या दिवशी, चूक केल्यावर.

पण त्या प्रश्नानं निपाणीकराचा धागा मात्र सापडला. पाणी कुठून आलं हे दोन टोकांच्या आकड्यांवरून ठरत नाही. सांगलीचा आकडा आहे, अलमट्टीचा आहे, मधे काय? कृष्णा सांगलीहून निघते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा घेते, राजापूर बंधाऱ्यावरून आमच्या तालुक्यात शिरते, दूधगंगा घेते, मग अंकली-मांजरी, उगार, कुडची करत हिप्परगीच्या बॅरेजवर जाते आणि त्याच्या खाली अलमट्टी. पाणी खालून फुगत वर आलं असेल तर त्याची खूण या मधल्या ठिकाणी दिसायला हवी. तुंबलेल्या पाण्याचा उतार कमी होतो. खालच्या ठिकाणची पातळी आधी आणि जास्त चढते, आणि वरच्या-खालच्या पातळ्यांतला फरक नेहमीपेक्षा कमी होत जातो. पाणी वरून लोटत आलं असेल तर आधी वरची पातळी चढते आणि चढ खाली सरकत जातो. म्हणजे मधल्या एका तरी ठिकाणची, तारीख-वेळेसकट पातळी हातात असल्याशिवाय फुगवट्याचा दावा करताच येत नाही. आणि ते मधलं ठिकाण म्हणजे आमचाच जिल्हा.

निपाणीकराची आठ कार्डं यावरून झाली. फेरीच्या दिवशी, शनिवारी दुपारी, वाचनालयामागच्या खोलीत, ती अशी गेली.

"सांगलीची धोका पातळी 45 फूट, बरोबर?"

"हो."

"2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं?"

"हो की. तेच सांगतोय मी."

"हे कात्रण तुझंच. ह्यात अलमट्टीत किती पाणी होतं ते दिलंय?"

"दिलंय. धरण भरत आलंय असं आहे."

"कुठल्या तारखेला?"

त्यानं कात्रण उचललं, उलटं करून बघितलं. "तारीख कापली गेलीय."

"सांगली आणि अलमट्टीच्या मधे राजापूर बंधारा आहे?"

"आहे."

"हिप्परगी बॅरेज आहे?"

"आहे."

"तुझ्या दोन कात्रणांत ह्यातल्या एका तरी ठिकाणची त्या दिवसांची पातळी आहे?"

"नाही."

मी आठवं कार्ड न विचारताच खाली ठेवलं आणि 'धन्यवाद' म्हणून बसले. पावणेदोन मिनिटंच झाली होती. सरांनी मान हलवली. निष्कर्ष मी काढला नव्हता. तो काढायचं काम समोरच्या बाजूच्या भाषणाचं, आणि रायबागकरानं ते केलं : 'दोन टोकं दाखवून मधला दोर दाखवला नाही' असं तो म्हणाला.

खानापूरकरवर फार वेळ घालवत नाही. तिचा मुद्दा बुडीत जमिनीचा होता. 2025 च्या सप्टेंबरात कर्नाटक सरकारनं बुडीत जाणाऱ्या ओलिताच्या जमिनीला एकरी 40 लाख आणि कोरडवाहूला 30 लाख असा दर ठरवला; तो पुरा पडत नाही असं तिचं म्हणणं. तिच्यासाठी एकच प्रश्न मोलाचा ठरला. 'हा दर दुप्पट केला तर उंची वाढवायला तुझी हरकत राहील?' हा पुरावा तपासणारा प्रश्न नव्हता, मुद्दा तपासणारा होता. ती 'नाही राहणार' म्हणाली, आणि तिच्याच ध्यानात आलं की तिनं 'उंची वाढवू नये' याच्या बाजूनं नव्हे, 'आधी नीट पैसे द्या' याच्या बाजूनं भाषण केलं होतं. पुढच्या आठवड्यात तिनं सगळं भाषण फिरवून लिहिलं.

आता रायबागकर. त्याचा पुरावा चौघांत सगळ्यात भारी. 2019 च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनंच नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल 2020 मध्ये आला, आणि सांगली-कोल्हापूरच्या त्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. ज्यांचं गाऱ्हाणं त्यांच्याच समितीनं असं म्हणावं, याला वजन येतंच. तीन दिवस मी या पुराव्याभोवती फिरत होते. समिती चुकली असं म्हणायला माझ्याजवळ काही नव्हतं, आणि ती चुकली असं मला वाटतही नव्हतं.

चौथ्या दिवशी रात्री विषयाचं वाक्य परत एकदा सुट्टं करून लिहिलं आणि दोन आकडे एकाखाली एक पडले. 519.60. 524.256. समितीनं तपासला तो 2019 चा पूर. 2019 ला धरण 519.60 चं होतं. आम्ही वाद घालत होतो 524.256 वर. पुरावा खरा होता, पण त्याचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला होतं.

पुराव्याची तपासणी म्हणजे तो खोटा आहे का ते बघणं, असं मी इतके दिवस धरून चालले होते. खोटा पुरावा आमच्या चौघांपैकी कुणीच आणला नव्हता. तो कुठल्या वेळचा, कुठल्या जागेचा, काय मोजलेला आणि दावा त्याच्या पलीकडं किती गेलाय, एवढंच बघायचं होतं.

रायबागकरची कार्डं लिहिताना एक पथ्य पाळलं. 'समितीनं 524.256 चा विचारच केला नाही' असं कुठंही लिहिलं नाही. सगळा अहवाल काही मी वाचलेला नव्हता. प्रश्न ठेवला तो त्यानं वाचून दाखवलेल्या ओळींपुरता.

"समितीनं अभ्यास केला तो 2019 च्या पुराचा?"

"हो. महाराष्ट्राच्याच समितीनं."

"तेव्हा धरणाची मंजूर पातळी 519.60?"

"हो."

"आजचा विषय 524.256 चा?"

"हो."

"तू आत्ता दोन ओळी वाचल्यास. त्यात 524.256 हा आकडा आहे?"

त्यानं कागद बघितला. तो हुशार आहे, गडबडला नाही. "या दोन ओळींत नाही. पण 524.256 ला लवादानं महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र अशा तिन्ही राज्यांचं ऐकून परवानगी दिलीय. तो पुरावा आहे माझ्याकडं."

हे उत्तर येईल असं मी धरलं होतं. 'नाही म्हणाला तर' या रकान्यात ते कार्ड तयार होतं.

"लवादाचा निवाडा 2010 चा?"

"हो."

"2019 चा पूर लवादासमोर होता?"

तो किंचित हसला. "नाही. कसा असणार?"

इथं थांबायला हवं होतं. दोन्ही विटा बसल्या होत्या : ज्यात पूर तपासलाय त्यात जुनी उंची, आणि ज्यात नवी उंची आहे त्यात हा पूर नाही. कार्डं संपली होती. घड्याळात चाळीस सेकंद होते. माझ्या डोळ्यांपुढं ती रेघ आली आणि तोंडातून गेलं, "म्हणजे नवी उंची सुरक्षित आहे याचा तुझ्याकडं काहीच पुरावा नाही ना?"

या प्रश्नाचं कार्ड नव्हतं. कागद नव्हता. आणि तो एका शब्दात उत्तर द्यायचा प्रश्नच नव्हता. रायबागकरनं चाळीसच्या चाळीस सेकंद घेतले. "प्रस्ताव कुणी मांडलाय? अनुकूल बाजूनं. 'करू नये' हे त्यांनी सिद्ध करायचं. त्यांच्याकडं काय आहे? तारीख कापलेलं कात्रण. ते तूच आत्ता दाखवलंस. माझ्याकडं निदान एक समिती आणि एक लवाद आहे. दोन्ही अपुरे म्हणतेस, चालेल, पण त्यांचं तर काहीच नाही." घंटा वाजली. टाळ्या पडल्या, आणि पडायलाच हव्या होत्या.

फेरीनंतर सरांनी माझ्या कागदावर एवढंच लिहिलं : 'शेवटचा प्रश्न भाषण होता. भाषणाला भाषणानं उत्तर मिळतं.'

अथणीकराची पाळी शेवटी आली, आणि ती मला सगळ्यात जड गेली. तो अथणीच्या पूर्व भागातला, जिथं पावसाळ्यातही आभाळाकडं बघत बसावं लागतं. त्यानं भाषण सुरू केलं ते मामाच्या विहिरीनं. उन्हाळ्यात तळ दिसतो, टँकर येतो तेव्हा घागरींची रांग लागते, आणि वर नदी दुथडी भरून जाते. उंची वाढली तर हे पाणी अडेल, दुष्काळी शेताला मिळेल. बोलताना त्याचा आवाज भरून आला होता. खोलीत कुणी हललं नाही.

त्याच्या पुराव्याच्या कागदावर अलमट्टीच्या अपर कृष्णा प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातून पाणी मिळणाऱ्या जिल्ह्यांची यादी त्यानंच लिहिली होती. माझा प्रश्न त्या यादीवर होता. पण तो विहिरीवर घाव घालणारा वाटू नये म्हणून कार्ड तीनदा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात होतं, 'तुझ्या मामाच्या विहिरीचा ह्या धरणाशी काय संबंध?' हा प्रश्न बरोबर असून वाईट होता. त्यात 'काय' होतं म्हणून नव्हे. त्यात मामा होता म्हणून. माणूस आपल्या माणसाच्या बाजूनं भांडायला लागला की कागद बाजूला पडतो, आणि ऐकणारेही त्याच्याच बाजूला जातात.

"तुझ्या कागदावर जिल्ह्यांची यादी आहे. वाचतोस?"

त्यानं वाचली. "विजयपूर, बागलकोट, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, गदग."

"ह्या जिल्ह्यांत पाण्याची गरज आहे हे मला मान्य आहे. ह्यात बेळगाव जिल्हा आहे?"

तो यादीकडं बघत राहिला. बोट खाली-वर फिरलं. "नाही."

"अथणी धरणाच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या?"

"वरच्या."

मी बसले. या वेळी मिनिटभर शिल्लक होतं आणि मी काही विचारलं नाही. फेरी झाल्यावर तो माझ्याकडं आला. मला वाटलं, चिडला असेल. म्हणाला, "विहिरीचं खरं आहे गे." मी म्हटलं, "खरं आहेच. माझ्या भिंतीचंही खरं आहे." मग आम्ही दोघं सरांच्या टेबलाशी उभं राहून त्याचं भाषण बघत बसलो. मामाची विहीर ठेवायचीच होती, फक्त अलमट्टीच्या मुद्द्यात ती बसत नव्हती. त्यानं तिच्याऐवजी विजयपूरकडच्या एका वर्गमित्राच्या गावाची गोष्ट घ्यायची ठरवली, आणि त्या गावाचं नाव प्रकल्पाच्या यादीत आहे का ते आधी बघायचं ठरवलं.

दिवाळीला गावी गेले तेव्हा सोप्यात बसून आजीला विचारलं. सूचक प्रश्न विचारायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं. आजी काही समोरच्या बाजूची वक्ती नव्हे. "आजी, त्या साली पाणी आधी कुठं दिसलं?"

"ओढ्यात," ती म्हणाली. "नदीकडनं न्हाई आलं पयलं. ओढा उलटा वाहायला लागला, देवळामागनं. मी म्हटलं तुझ्या बाला, हे बघ, ओढा फिरला."

"कुठल्या दिवशी?"

"नागपंचमीच्या पुढं-मागं. वार न्हाई ध्यानात."

ओढा उलटा फिरतो तो नदीची पातळी ओढ्याच्या तोंडापेक्षा वर गेली की. ती वरून आलेल्या पाण्यानंही जाते आणि खालून तुंबलेल्या पाण्यानंही. मी पिशवीतून कोरं कार्ड काढलं. वर लिहिलं : ओढा, देवळामागं, नदीच्या आधी. खाली डावीकडं : आजीनं पाहिलेलं, मोजलेलं नाही. उजवीकडं : राजापूर आणि कुडचीची त्या आठवड्याची पातळी हवी. ती मिळाली की पुढचं कार्ड लिहायचं आहे.